मोजल्या न गेलेल्या व्ह्यूजची तक्रार: सांगलीहून पाठवलेल्या एका ई-मेलची हकीकत

सांगलीच्या विश्रामबागेत माझे हिशेब आणि करविवरणपत्रांचे छोटे कार्यालय आहे. त्याच कामातून सुरू झालेले, टॅली, एक्सेल आणि जीएसटी मराठीतून समजावून सांगणारे एक व्हिडिओ चॅनेलही मी चालवते. ऑगस्ट २०२५ मध्ये या चॅनेलचे मोजले जाणारे व्ह्यूज अचानक घसरले आणि त्याचे कारण कुठेच दिलेले नव्हते. मी व्हिडिओ मंचाच्या मदतकक्षाकडे ई-मेलने तक्रार केली. तिचा निकाल लागेपर्यंत सप्टेंबर संपत आला आणि त्यावरून उभा राहिलेला पैशांचा प्रश्न दसऱ्यानंतर मिटला. अशा तक्रारीत नेमके काय लिहायचे असते, हे मला तेव्हा मराठीत कुठे वाचायला मिळाले नव्हते, म्हणून घडले तसे लिहून ठेवते आहे. मंचाचे नाव मुद्दामच दिलेले नाही.

आधी चॅनेलविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. माझ्याकडे लोक करमणुकीसाठी येत नाहीत. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांवरचे हिशेबनीस, तासगावच्या बेदाणा अडत दुकानांतले दिवाणजी, पतसंस्थांमधले लेखनिक आणि करसल्लागारांकडे नव्याने लागलेली मुले असा माझा प्रेक्षक आहे. एका खिडकीत टॅली आणि दुसऱ्या खिडकीत माझा व्हिडिओ लावून ही मंडळी काम उरकतात. त्यामुळे माझे निम्म्याहून अधिक व्ह्यूज संगणकावरून येतात, मोबाइलवरून नव्हे. शिवाय माझा आलेख करखात्याच्या तारखांप्रमाणे चढतो आणि उतरतो. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरायचे असते आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी हे करभरण्याचे, त्यामुळे या दोन तारखांच्या आधीचे दिवस माझ्याकडे गर्दीचे असतात. त्या वर्षी लेखापरीक्षण न लागणाऱ्या करदात्यांची आयकर विवरणपत्राची मुदतही ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती, म्हणजे ऑगस्ट महिना नेहमीपेक्षा जास्त चालायला हवा होता.

प्रत्यक्षात ११ ऑगस्टच्या सोमवारी, जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख असताना, आलेख खाली वाकलेला दिसला. पहिल्या दिवशी मी त्याकडे दुर्लक्ष केले, कारण अलीकडच्या दोन दिवसांचे आकडे कच्चे असतात आणि नंतर दुरुस्त होतात. दुसरे असे की, या मंचाचा दिवस आपल्या मध्यरात्री बदलत नाही, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने बदलतो. उन्हाळी वेळ चालू असताना तो आपल्याकडच्या दुपारी साडेबारा वाजता सुरू होतो आणि हिवाळ्यात दीड वाजता. त्यामुळे आपला सोमवार सकाळचा सगळा कामाचा वेळ त्यांच्या रविवारच्या खात्यावर जातो. तक्रारीत तारीख लिहिताना ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही, तर समोरच्याचे आकडे आणि आपले आकडे कधीच जुळत नाहीत.

पंधरा ऑगस्टच्या जोडसुट्या गेल्या, कार्यालये उघडली, वीस तारीख आली, तरी आकडा खालीच राहिला. त्याच आठवड्यात गणपती पेठेतल्या एका संगणक दुकानदारांचा फोन आला. त्यांच्या दुकानाची जाहिरात मी व्हिडिओच्या सुरुवातीला सांगते आणि त्यासाठी पहिल्या तीस दिवसांत मोजल्या गेलेल्या दर हजार व्ह्यूजमागे ४०० रुपये असा आमचा करार होता. "ताई, आकडा खाली आलाय. लोकांनी बघायचं सोडलं काय?" असे त्यांनी सरळ विचारले. जो व्हिडिओ एरवी बारा हजारांपर्यंत जायचा, तो साडेनऊ हजारांत अडकण्याची चिन्हे होती, म्हणजे एका व्हिडिओमागे हजार रुपयांचा फरक. रक्कम फार मोठी नव्हती, पण लोक सोडून चालले आहेत असे त्यांना वाटू लागले होते आणि मलाही रात्री तेच वाटत होते. नवीन व्हिडिओचे ध्वनिमुद्रण मी त्या आठवड्यात केलेच नाही.

शेवटी हिशेबाच्या माणसाने जे करायला हवे ते केले. आकडे उतरवून घेतले.

व्ह्यूज कमी दिसण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण निराळी असते. मंचाने तुमचा व्हिडिओ लोकांपुढे कमी वेळा ठेवला, तर इम्प्रेशन्सचा आकडा घसरतो. ठेवला पण लोकांनी दाबला नाही, तर इम्प्रेशन्स तितकेच राहून क्लिकचे प्रमाण घसरते. खोटे किंवा यंत्राने केलेले व्ह्यूज मंचाने नंतर वजा केले असतील, तर आधी दिसलेला आकडा मागे जातो, म्हणजे काल १,२०० दिसत होते तिथे आज १,०५० दिसतात. यांपैकी कोणत्याही प्रकारात खरे प्रेक्षक कमी झालेले असोत वा मुळातच खोटे असोत, त्यांच्यासोबत त्यांच्या लाइक, टिप्पण्या आणि जाहिरातीचे पैसे यांच्यातही काहीतरी हालचाल दिसायला हवी. माझ्याकडे तशी हालचाल नव्हती.

मी ४ ते ८ ऑगस्ट हा घसरणीआधीचा सोमवार ते शुक्रवार आणि १८ ते २२ ऑगस्ट हा घसरणीनंतरचा सोमवार ते शुक्रवार असे दोन आठवडे समोरासमोर ठेवले. मधला आठवडा सुट्यांचा म्हणून सोडून दिला. लहान, उभे व्हिडिओ बाजूला काढले, कारण त्यांची मोजणी वेगळ्या पद्धतीने होते. पहिल्या आठवड्यात एकूण १०,४०० व्ह्यूज होते, दुसऱ्यात ८,०६०. ही घट साडेबावीस टक्क्यांची. मग अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे मंचाच्या आकडेवारीच्या पानावर, उपकरणाच्या प्रकाराचा गाळणा लावला, तेव्हा चित्र एकदम निराळे झाले. मोबाइलवरचे व्ह्यूज ३,९०० वरून ४,०५० झाले होते, म्हणजे थोडे वाढलेच होते. टीव्ही आणि टॅब्लेट मिळून तीनशेच्या आसपास होते तिथेच होते. संगणकावरचे व्ह्यूज मात्र ६,२०० वरून ३,७०० वर आले होते. सगळी घट एकट्या संगणकाची होती, आणि ती चाळीस टक्क्यांची होती.

आता याच आठवड्यांतील बाकीचे आकडे पाहा. लाइक ४१६ होते, ते ४०३ झाले. जाहिरातीचे उत्पन्न ७२८ रुपये होते, ते ७२५ झाले. म्हणजे दर हजार व्ह्यूजमागे लाइक ४० वरून ५० वर गेले आणि उत्पन्न ७० रुपयांवरून ९० वर गेले. एका आठवड्यात माझे प्रेक्षक इतके खूश झाले आणि जाहिरातदारही इतके उदार झाले, असे मानायला मी तयार नव्हते. वरचा आकडा तोच असताना भागाकार वाढला, तर खालचा आकडा चुकीचा धरला गेला आहे, हे ताळेबंद तपासणारा कोणीही सांगेल.

यात आणखी एक गोष्ट होती. तासगावचे एक दिवाणजी माझ्या प्रत्येक व्हिडिओखाली प्रश्न विचारतात आणि प्रश्नासोबत व्हिडिओतला मिनिटही लिहितात, उदाहरणार्थ, "७:४० ला तुम्ही अडतीची नोंद दाखवली, तिथे हमाली कुठे घ्यायची?" १९ ऑगस्टलाही त्यांचा असा प्रश्न आला होता. व्हिडिओ त्यांनी पाहिला होता यात शंकाच नव्हती.

सोमवार, २५ ऑगस्टला मी तक्रार पाठवली. ज्या चॅनेलना मंच जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देतो, त्यांनाच मदतकक्षाला थेट लिहिण्याची सोय असते. बाकीच्यांना सार्वजनिक अभिप्रायाच्या चौकटीतच लिहावे लागते आणि तिथे उत्तराची हमी नसते. मेल इंग्रजीत पाठवला होता, त्याचा मराठी मजकूर असा:

"विषय: ११ ऑगस्ट २०२५ पासून केवळ संगणकावरील व्ह्यूजमध्ये ४० टक्के घट, मोबाइल व्ह्यूज, लाइक आणि उत्पन्न स्थिर.

महोदय, माझ्या चॅनेलचा दुवा आणि ओळख क्रमांक खाली दिला आहे. सर्व तारखा तुमच्या अ‍ॅनालिटिक्समधील दिवसांप्रमाणे, म्हणजे पॅसिफिक वेळेनुसार आहेत. ४ ते ८ ऑगस्ट आणि १८ ते २२ ऑगस्ट या दोन आठवड्यांची तुलना सोबतच्या तक्त्यात आहे. संगणकावरील व्ह्यूज ६,२०० वरून ३,७०० झाले आहेत. याच काळात मोबाइलवरील व्ह्यूज, लाइक, टिप्पण्या आणि जाहिरातीचे उत्पन्न यांत लक्षणीय घट नाही. आधी मोजलेले व्ह्यूज नंतर वजा झाल्याचेही दिसत नाही, आकडा सुरुवातीपासूनच कमी नोंदला जात आहे. या काळात मी शीर्षके, लघुचित्रे, प्रसारणाची वेळ किंवा चॅनेलच्या कोणत्याही सेटिंगमध्ये बदल केलेला नाही.

व्हिडिओ लोकांना कमी सुचवले जात आहेत, अशी माझी तक्रार नाही. पाहिले गेलेले व्हिडिओ मोजले जात नसावेत, अशी माझी शंका आहे. कृपया तीन बाबींचे उत्तर द्यावे. पहिली, १० ते १२ ऑगस्टच्या सुमारास संगणकावरील व्ह्यूज मोजण्याच्या पद्धतीत काही बदल झाला होता का? दुसरी, माझ्या चॅनेलवरील संगणकाचे व्ह्यूज अवैध ठरवून वगळले गेले आहेत का? तिसरी, यांपैकी काहीच नसेल, तर संगणकावरून व्ह्यूची नोंद तुमच्यापर्यंत न पोचण्याचे दुसरे कोणते ज्ञात कारण आहे का?"

'अशी माझी तक्रार नाही' या शब्दांवर मी बराच वेळ घालवला होता. मदतकक्षाकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी "माझे व्हिडिओ लोकांना दाखवा" अशा असतात आणि त्यांच्यासाठी एक साचेबद्ध उत्तर तयार असते. आपली तक्रार त्या ढिगात जाऊ नये, म्हणून ती कशाविषयी नाही हेही लिहावे लागते.

तरीही ती त्याच ढिगात गेली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले की, व्ह्यूजमध्ये चढउतार होणे स्वाभाविक आहे, ऋतुमानाप्रमाणे प्रेक्षकांच्या सवयी बदलतात, आणि नियमितपणे चांगला आशय देत राहावे. मला राग आला, पण दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि घरात मोदकांची गडबड होती, त्यामुळे रागाच्या भरात उत्तर लिहायला वेळच मिळाला नाही. ते एका परीने बरेच झाले. २८ तारखेला मी त्याच धाग्यात, नवीन तक्रार न उघडता, दोनच वाक्ये लिहिली: ऋतुमानाने सवयी बदलल्या असत्या तर मोबाइलवरचे व्ह्यूजही बदलले असते आणि लाइकही घटल्या असत्या; माझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळालेले नाही, तेव्हा ते तांत्रिक गटाकडे पाठवावेत. नवीन तक्रार उघडली की नवा तिकीट क्रमांक मिळतो, नवा माणूस येतो आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात होते, म्हणून जुना धागा सोडू नये.

यावर कोणी तरी मेल नीट वाचल्याचे जाणवले. त्यांनी तीन विशिष्ट व्हिडिओंचे दुवे, उपकरणाच्या गाळण्यासह तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट आणि सीएसव्ही फाइल मागितली. स्क्रीनशॉट काढताना मी पत्त्याची पट्टी, निवडलेला कालावधी आणि गाळणा एकाच चित्रात येतील अशी काळजी घेतली, कारण कापलेले चित्र पाठवले की पुन्हा विचारणा होऊन दोन दिवस जातात. १ सप्टेंबरला प्रकरण तांत्रिक गटाकडे दिल्याचे कळले, आणि मग शांतता पसरली.

या शांततेत प्रश्नाचे खरे उत्तर मिरजेहून आले. आमच्या कार्यालयाचे संगणक दुरुस्त करणारा मिरजेचा एक तरुण आहे. गणपतीनंतर तो छपाईयंत्र पाहायला आला, तेव्हा मी त्याला आलेख दाखवला. त्याने विचारले, "मॅडम, तुमची सगळी गिऱ्हाइकं हापिसात बसून बघतात ना? मग त्यांच्यात जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन असणार. मी स्वतःच निम्म्या पेढ्यांत टाकून दिलंय." त्याने माझ्या ब्राउझरमध्ये तसे एक एक्स्टेन्शन बसवले, त्याच्या याद्या ताज्या केल्या, माझाच एक व्हिडिओ लावला आणि एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे पानाच्या पडद्यामागचे संदेश दाखवणारी चौकट, उघडला. व्हिडिओ व्यवस्थित चालू होता, आवाज येत होता, जाहिरात आली नाही, आणि खाली दर काही सेकंदांनी लाल अक्षरांत एकच ओळ उमटत होती:

```
net::ERR_BLOCKED_BY_CLIENT
```

या ओळीचा अर्थ असा की, पानाने कुठे तरी काही पाठवायचा प्रयत्न केला आणि तो सर्व्हरने नाकारला नाही, तर याच संगणकावरील काहीतरी त्याच्या आड आले. व्हिडिओ चालू असताना पान सर्व्हरला छोटे छोटे निरोप पाठवत असते: सुरू झाला, अजून चालू आहे, इथपर्यंत पाहिला. व्हिडिओची फाइल एका पत्त्यावरून येते आणि हे निरोप वेगळ्या पत्त्यांवर जातात. जाहिराती अडवणारी साधने सार्वजनिक याद्यांवर चालतात. कोणकोणते पत्ते अडवायचे हे त्या यादीत असते आणि यादी आपोआप ताजी होत राहते. पाळत ठेवणारे निरोप रोखण्याच्या हेतूने अशा यादीत निरोपाचा पत्ता आला की, व्हिडिओ पाहिला जातो पण पाहिल्याची वर्दी पोचत नाही. एसटीतून प्रवासी सुखरूप उतरतो, पण वाहकाच्या यंत्रात त्याचे तिकीट निघालेलेच नसते, तसा हा प्रकार.

एवढे कळल्यावर सगळे आकडे एका ओळीत बसले. लाइकचा निरोप वेगळ्या पत्त्यावर जातो, म्हणून लाइक मोजल्या जात होत्या. उत्पन्न घटले नव्हते, कारण जी माणसे मोजणीतून गळली ती आधीही जाहिरात पाहत नव्हती आणि त्यांच्याकडून मला कधी पैसे मिळतच नव्हते. मोबाइलवर लोक मंचाचे अ‍ॅप वापरतात आणि ब्राउझरचे एक्स्टेन्शन अ‍ॅपमध्ये चालत नाही, म्हणून मोबाइल शाबूत होता. त्याच सुमारास इतर देशांतल्या, विशेषतः तंत्रज्ञान आणि संगणक खेळांच्या चॅनेलमालकांनीही हेच दिसत असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. त्यांचेही प्रेक्षक संगणकावर बसणारे आणि जाहिराती अडवणारे.

पण एका लाल ओळीवरून सगळ्या चॅनेलची घट सिद्ध होत नाही, आणि तक्रारीत मला 'असावे' यापेक्षा थोडे पक्के लिहायचे होते. म्हणून ८ सप्टेंबरला एक छोटी चाचणी घेतली. चार मिनिटांचा एकच व्हिडिओ दोन प्रतींत, शोधात न दिसणारा म्हणजे अनलिस्टेड ठेवून, चढवला. ज्यांच्या संगणकावर असे एक्स्टेन्शन आहे अशा बारा ओळखीच्यांना एक दुवा दिला आणि ज्यांच्याकडे नाही अशा बारा जणांना दुसरा. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणाहून, आपापल्या इंटरनेटवरून, एकदाच आणि पूर्ण पाहायचा, असे सांगितले. संगणक वर्गात एकाच वायफायवर सगळ्यांना बसवले असते तर काम लवकर झाले असते, पण एकाच जोडणीवरून एकापाठोपाठ आलेले व्ह्यूज मंच संशयित म्हणून गाळू शकतो आणि मग कोणती गळती कशामुळे झाली हे सांगता आले नसते. अनलिस्टेड ठेवण्याचेही कारण होते. ठरवून व्ह्यूज मिळवणे नियमांविरुद्ध आहे, आणि चाचणी व आकडा फुगवणे यांतला फरक समोरच्याला स्वच्छ दिसायला हवा होता. आकडे स्थिर व्हायला दोन दिवस दिल्यावर एक्स्टेन्शन नसलेल्यांच्या व्हिडिओवर ११ व्ह्यूज होते आणि असलेल्यांच्या व्हिडिओवर ३. ते तिघे कसे मोजले गेले हे पाहिले, तर त्यांच्या याद्या बरेच दिवस ताज्या झालेल्या नव्हत्या, म्हणजे नवा नियम त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. माझ्या दृष्टीने त्या तीन व्ह्यूजनी उरलेल्या नऊंइतकेच सांगून टाकले.

ही चाचणी मी जुन्याच धाग्यात जोडली. सोबत, १२ सप्टेंबरला, मंचाच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही तिकीट क्रमांकासह तक्रार पाठवली. ही वाट फारशी माहीत नसते, म्हणून थोडे सांगते. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या मध्यस्थ नियमांनुसार प्रत्येक मंचाला असा अधिकारी नेमून त्याचे नाव आणि पत्ता जाहीर करावा लागतो. आपल्याला वाटते की, ही सोय फक्त बदनामीच्या किंवा आक्षेपार्ह मजकुराच्या तक्रारींसाठी आहे. पण नियमात, मंचाने उपलब्ध करून दिलेल्या संगणकीय साधनांशी संबंधित इतर बाबींचाही उल्लेख आहे, आणि अ‍ॅनालिटिक्स हे तसेच साधन आहे, असे मी तक्रारीत म्हटले. पोच २४ तासांत द्यावी लागते आणि माझ्या तक्रारीच्या वेळी निपटाऱ्याची मुदत १५ दिवसांची होती. आपण तक्रार कराल तेव्हा चालू मुदत पाहून घ्यावी. यासाठी शुल्क काहीही नाही. पोच दुसऱ्या दिवशी आली.

मध्यंतरी आयकर विवरणपत्रांची शेवटची तारीख आली आणि त्या आठवड्यात माझ्याच कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे वाट पाहण्याचा त्रास फारसा जाणवला नाही.

२४ सप्टेंबरला मदतकक्षाकडून आणि त्याच दिवशी अधिकाऱ्याकडून जवळजवळ सारख्या शब्दांत उत्तर आले. माझ्या चॅनेलवरील व्ह्यूज अवैध म्हणून वगळलेले नाहीत. मोजण्याच्या पद्धतीत त्या काळात बदल किंवा बिघाड आढळलेला नाही. जाहिराती किंवा आशय अडवणाऱ्या साधनांमुळे नोंदल्या जाणाऱ्या व्ह्यूजच्या अचूकतेवर परिणाम होऊ शकतो, आणि ज्या चॅनेलच्या प्रेक्षकांत अशा साधनांचा वापर जास्त आहे त्यांना हा परिणाम अधिक दिसू शकतो. न नोंदलेले व्ह्यूज मागाहून मिळवून देता येणार नाहीत.

शेवटचे वाक्य वाचून वाईट वाटले, पण ते पटण्यासारखे होते. जो निरोप सर्व्हरपर्यंत गेलाच नाही, त्याची त्यांच्याकडे कुठेच नोंद नाही. वजा केलेले व्ह्यूज परत जोडता येतात, कधीच न आलेले कुठून जोडणार? अधिकाऱ्याच्या उत्तरावर समाधान नसेल, तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. मी ते केले नाही. माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली होती, आणि समितीनेही मंचाला नसलेली नोंद तयार करायला सांगितली नसती. उत्तरच मिळाले नसते, किंवा व्ह्यूज अवैध ठरवून कारण दडवले असते, तर मात्र मी अपील केले असते.

प्रेक्षकांना एक्स्टेन्शन काढून टाका, असे मी व्हिडिओत सांगावे, असे दोघातिघांनी सुचवले. तेही मी केले नाही. करभरणा करणाऱ्या कार्यालयातल्या संगणकावर 'डाउनलोड' लिहिलेली एखादी फसवी जाहिरात दाबली गेली, तर काय होते हे मी पाहिलेले आहे. माझा आकडा वाढावा म्हणून दिवाणजींनी ते कवच काढावे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सप्टेंबरच्या शेवटी शेवटी माझा संगणकाचा आकडा आपणहूनच वर सरकू लागला, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याइतका झाला नाही. याद्या कोण, कधी बदलतो हे ना माझ्या हाती आहे, ना मंचाच्या.

ही पडताळणी सगळ्यांना जमेल असे नाही. ज्या चॅनेलचे बहुतेक प्रेक्षक मोबाइलवर आहेत, त्यांची घट या कारणाने होणार नाही आणि त्यांनी इम्प्रेशन्सकडे आधी पाहावे. आठवड्याला शे-दोनशे व्ह्यूज असतील, तर लाइकचे प्रमाण सहजच वरखाली होते आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. उत्पन्न सुरू झालेले नसेल, तर आपल्याला सर्वांत भक्कम पुरावाच मिळत नाही, तेव्हा किमान उपकरणनिहाय आकडे आणि लाइक यांचा तक्ता महिन्याच्या महिन्याला उतरवून ठेवावा, म्हणजे घट झाल्यावर तुलनेसाठी आधीचा काळ हाताशी असतो.

दसऱ्यानंतर, ३ ऑक्टोबरला, मी गणपती पेठेत जाऊन दुकानदारांपुढे तो तक्ता आणि मदतकक्षाच्या उत्तराची छापील प्रत ठेवली. त्यांनी तक्त्यापेक्षा उत्तरच लक्षपूर्वक वाचले. मग म्हणाले, "म्हणजे बघणारे आहेत, फक्त मोजायचा काटा हललाय. पण ताई, मी तरी कशावर पैसे देऊ?" प्रश्न रास्त होता, कारण मंचाच्या आकड्यावर दोघांचाही ताबा नव्हता. बऱ्याच चर्चेनंतर आम्ही व्ह्यूजचा दर करारातून काढून टाकला. आता प्रत्येक व्हिडिओमागे ३,००० रुपये ठरलेले आहेत, आणि माझ्या व्हिडिओत सांगितलेला सांकेतिक शब्द दुकानात येऊन सांगणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे ५० रुपये वेगळे. ऑगस्टच्या व्हिडिओचे पैसे त्यांनी कमी आकड्यावरच दिले आणि मीही त्यावर वाद घातला नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या बिलात सांकेतिक शब्दाची २३ गिऱ्हाइके होती, त्यांतली बरीचशी तासगाव आणि कवठेमहांकाळकडची, आणि ती यादी दुकानाच्या वहीत त्यांच्या हस्ताक्षरात आहे.